लिंकखालचा चौकोन कोण भरतं?

मार्च संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आंब्याच्या लिंका पडायला लागतात. एक लिंक येते ती नुसतीच निळी, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली, दोन-तीन ओळी लांब. तिच्यामागोमाग दुसरी येते. तिच्यासोबत पेटीतल्या हापूसचा फोटो असतो, त्याखाली ठळक अक्षरांत ‘देवगड हापूस, थेट बागेतून’, मग माहितीची एक ओळ आणि शेवटी बारीक अक्षरांत संकेतस्थळाचा पत्ता. दोन्ही बागायतदारांचा माल एकाच प्रतीचा असेल, पण बोट कुठल्या लिंकवर आधी जातं हे सांगायला नको.

हा चौकोन व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मनाने तयार करतं, असा बहुतेकांचा समज असतो. अ‍ॅपने पानावर एक नजर टाकायची, त्यातला बरा फोटो आणि मोठा मथळा उचलायचा, झालं. प्रत्यक्षात पान कसं दिसतं हे अ‍ॅप बघतच नाही. चौकोनातला मथळा, वर्णन आणि फोटोचा पत्ता या तिन्ही गोष्टी पानाच्या मालकाने आधीच लिहून ठेवलेल्या असतात. वाचकाला त्या दिसत नाहीत इतकंच.

कुठलंही वेबपान उघडलं की ब्राउझरकडे एचटीएमएलची एक फाइल येते. तिचे दोन भाग असतात. पडद्यावर दिसतं ते सगळं दुसऱ्या भागात. पहिल्या भागाला ‘हेड’ म्हणतात आणि तिथे पानाविषयीच्या सूचना असतात: लिपी कुठल्या पद्धतीने साठवली आहे, टॅबवर कुठलं नाव दाखवायचं, वगैरे. या सूचनांच्या ओळी म्हणजे मेटा टॅग. समजा, देवगडच्या एका बागायतदाराने आपल्या हापूसचं पान केलं आहे. लिंक पाठवल्यावर चौकोन नीट दिसावा म्हणून त्याच्या हेडमध्ये एवढंच लागतं:

```
<meta charset="utf-8">
<meta property="og:title" content="देवगड हापूस, थेट बागेतून">
<meta property="og:description" content="नैसर्गिक पिकवलेला आंबा. मुंबई-पुण्यात घरपोच.">
<meta property="og:image" content="https://example.com/peti.jpg">
<meta property="og:url" content="https://example.com/hapus">
<meta property="og:type" content="website">
```

यातलं `og` म्हणजे ओपन ग्राफ. २१ एप्रिल २०१० रोजी फेसबुकने आपल्या ‘एफ८’ या परिषदेत हा प्रकार जाहीर केला. त्याच दिवशी दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर बसवता येणारं ‘लाइक’चं बटणही आलं आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध होता. एखाद्या सिनेमाच्या पानावर कुणी लाइक दाबलं, तर तो सिनेमा आहे, त्याचं नाव अमुक आणि चित्र तमुक हे फेसबुकला कळायला हवं होतं. म्हणून पानांनीच आपली ओळख चार ओळींत लिहून ठेवावी, असा करार ठरला. नाव, प्रकार, चित्र आणि पत्ता या चार गोष्टी सक्तीच्या, वर्णन ऐच्छिक. ओपन ग्राफच्या मूळ दस्तऐवजात आजही उदाहरण आहे ते ‘द रॉक’ या १९९६च्या हॉलिवूडपटाच्या पानाचं. लाइकचं ते बटण संकेतस्थळांवर फारसं राहिलं नाही. ओळखीच्या त्या ओळी मात्र सगळ्यांनी उचलल्या. ट्विटरने २०१२मध्ये स्वतःचे वेगळे टॅग काढले खरे, पण ते नसतील तर तोही मुकाट ओपन ग्राफ वाचतो. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल, लिंक्डइन, स्लॅक, आयफोनचं मेसेजेस, सगळे याच ओळी शोधतात.

आता लिंक पेस्ट केल्यावर नेमकं काय घडतं ते बघू, कारण पुढच्या बऱ्याच भानगडी तिथून सुरू होतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या लिहायच्या जागेत पत्ता पडला की अ‍ॅप तो ओळखतं आणि पाठवणाऱ्याचा फोन स्वतः त्या संकेतस्थळाला गाठतो. फाइल मागवतो, हेडमधल्या ओळी वाचतो, `og:image`मध्ये दिलेल्या पत्त्यावरून फोटो आणतो आणि तो लहान करून घेतो. लिहायच्या जागेवर छोटा चौकोन उमटतो तो या सगळ्यानंतर. मग पाठवायचं बटण दाबलं की मथळा, वर्णन आणि लहान केलेला फोटो हे तिन्ही संदेशाबरोबरच कुलूपबंद होऊन पलीकडे जातात. घेणाऱ्याचा फोन चौकोन दाखवण्यासाठी संकेतस्थळाकडे जातच नाही. त्याला चौकोन तयार मिळतो.

असं करण्यामागे कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांखेरीज कुणाला वाचता येत नाहीत, खुद्द कंपनीलाही नाही. चौकोन कंपनीच्या सर्व्हरवर बनवायचा तर लिंक कंपनीला कळणार. घेणाऱ्याच्या फोनवर बनवायचा तर आणखी वाईट, कारण कुणीही नुसती लिंक पाठवून घेणाऱ्याचा आयपी पत्ता काढून घेऊ शकेल, त्याने ती उघडली नाही तरी. तलाल हज बक्री आणि टॉमी मिस्क या दोघा संशोधकांनी २०२०मध्ये वेगवेगळी चॅट अ‍ॅप्स तपासून हेच तीन मार्ग मांडले होते आणि पाठवणाऱ्याकडे चौकोन बनवणं त्यातल्या त्यात सुरक्षित ठरवलं होतं. सिग्नल आणि आयफोनचं मेसेजेसही त्याच वाटेने जातात. टेलिग्राम, स्लॅक, फेसबुक यांचं काम त्यांच्या सर्व्हरवर चालतं.

या रचनेमुळे एक नेहमीची तक्रार आपोआप उलगडते. ‘काल लिंक टाकली तेव्हा फोटो आला, आज नाही आला.’ पानात काहीही बदललेलं नसतं. पाठवणाऱ्याने लिंक पेस्ट करून लगेच बटण दाबलेलं असतं आणि त्याच्या फोनला पान आणायला वेळच मिळालेला नसतो. तिथे नेट रडतखडत चालत असेल तर हमखास. पेस्ट केल्यावर चौकोन दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावं, हाच उपाय. थांबूनही काही येत नसेल तर एकदा सेटिंग्ज पाहावी. प्रायव्हसीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात लिंकचे चौकोन बंद करण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने दिली आहे. आपला आयपी पत्ता प्रत्येक संकेतस्थळाला कळू नये असं वाटणाऱ्यांसाठी ती आहे. ती चालू असेल तर जगातल्या कुठल्याच लिंकचा चौकोन त्या फोनवरून जाणार नाही.

सगळ्यांच्याच फोनवरून चौकोन येत नसेल, तर मात्र दोष पानात आहे.

आपल्या बागायतदाराचंच घेऊ. त्याच्या पुतण्याने टॅग घातले, पान चढवलं, लिंक ग्रुपवर टाकली. मथळा आला, फोटो नाही. पान उघडलं तर फोटो व्यवस्थित दिसतो आहे. अशा वेळी पहिली शंका घ्यावी ती फोटोच्या पत्त्यावर. पुतण्याने `og:image`मध्ये `/images/peti.jpg` एवढंच लिहिलेलं असतं. ब्राउझर अशा अर्धवट पत्त्याला आपल्या मनाने संकेतस्थळाचं नाव जोडून घेतो, म्हणून पानावर सगळं सुरळीत दिसतं. टॅग वाचणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपकडून ती अपेक्षा धरता येत नाही. तिथे `https://`पासून पूर्ण पत्ता हवा.

दुसरी शंका फोटोच्या वजनावर. बागेत मोबाइलने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी मेटाची सूचना अशी आहे की फोटो ६०० केबीच्या आत असावा आणि रुंदी किमान ३०० पिक्सेल असावी. फेसबुक ८ एमबीपर्यंत चालवून घेतं. त्यामुळे तोच फोटो फेसबुकवर झकास दिसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गायब होतो, आणि पुतण्याला वाटतं की व्हॉट्सअ‍ॅपच बिघडलं. १२०० बाय ६३० पिक्सेलचा, जेपीजी पद्धतीने साठवलेला, दोन-तीनशे केबीचा फोटो दोन्हीकडे चालतो.

मथळ्यातही एक गंमत होते, आणि ती मराठी मजकुरात फार वेळा दिसते, कारण आपल्याकडे शब्दांना अवतरणचिन्हं लावण्याची हौस दांडगी. पुतण्याने मथळा असा लिहिला:

```
<meta property="og:title" content="आमचा "अस्सल" देवगड हापूस">
```

चौकोनात उमटलं नुसतं ‘आमचा’. `content`च्या पुढचं सरळ दुहेरी चिन्ह म्हणजे मजकुराची सुरुवात आणि त्यानंतर येणारं तसलंच पहिलं चिन्ह म्हणजे शेवट. ‘अस्सल’च्या आधीचं चिन्ह लागताच यंत्राने वाक्य संपलं असं धरलं आणि अस्सल हापूस बाहेरच राहिला. छापखान्यात वापरतात ती वळणदार चिन्हं घातली किंवा सरळ चिन्हाऐवजी `&quot;` लिहिलं की काम होतं.

कधी मथळा जागेवर येतो पण वाचता येत नाही. ‘हापूस’च्या जागी `à¤¹à¤¾à¤ªà¥‚à¤¸` असं काहीतरी दिसतं. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलेलं असतं. वाचणाऱ्याला ते माहीत नसेल तर तो त्या तिघांना तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरं समजतो. वर दिलेल्या नमुन्यातली पहिली ओळ, `charset` असलेली, यासाठीच आहे, आणि ती हेडच्या अगदी सुरुवातीला हवी. तीन बाइटच्या याच हिशेबामुळे मराठीतले पत्तेही लांबलचक होतात. पत्त्यात ‘हापूस’ लिहिलं तर कॉपी करताना त्याची पाच चिन्हं प्रत्येकी नऊ अक्षरांची होतात:

```
%E0%A4%B9%E0%A4%BE%E0%A4%AA%E0%A5%82%E0%A4%B8
```

एका फळाच्या नावाला पंचेचाळीस अक्षरं. मराठी संकेतस्थळांच्या लिंका ग्रुपवर एवढ्या भेसूर का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. अशा लिंकेला चौकोनाचा आधार इंग्रजी पत्त्यापेक्षा जास्तच लागतो, कारण ती वाचून आत काय आहे हे कुणालाच कळणार नाही.

हे सगळं तपासायला संगणकाची फार जाण लागत नाही. पान उघडून उजव्या बटणाने ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडावं आणि त्यात `og:` शोधावं. टॅग सापडले नाहीत, किंवा दोनदा सापडले, तर चोर हाती लागला. वर्डप्रेसच्या पानांत दोनदा सापडणं नवलाचं नाही. थीम स्वतःचे टॅग घालते, वर एसइओसाठी घेतलेलं प्लगइन आपले घालतं आणि कुठल्या अ‍ॅपने कुठले उचलावेत याचा नेम राहत नाही. दोघांपैकी एकाचं ते काम बंद करावं. ज्याला टर्मिनल वापरता येतं त्याने व्हॉट्सअ‍ॅपचं सोंग घेऊन पान मागवून बघावं:

```
curl -sL -A "WhatsApp/2.24" https://example.com/hapus | grep "og:"
```

व्हॉट्सअ‍ॅप पान मागताना आपली ओळख `WhatsApp` अशीच देतं, म्हणून ही नक्कल चालते. एकही ओळ आली नाही आणि ब्राउझरमध्ये मात्र पान व्यवस्थित उघडतं, तर दोन कारणं संभवतात. एक म्हणजे संकेतस्थळासमोर बसवलेली सुरक्षा यंत्रणा. ब्राउझर नसलेला कुणीही आला की तो चोरच, असं मानून ती त्याला दारातूनच परत पाठवते. दुसरं कारण अलीकडच्या पानांत जास्त आढळतं. ही पानं आधी जवळजवळ रिकामी येतात आणि मग जावास्क्रिप्ट चालून ब्राउझरमध्ये भरली जातात. मेटा टॅगही तेव्हाच घातले जातात. चौकोन बनवणारं अ‍ॅप सहसा जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्याच्या हाती रिकामी फाइल लागते. संकेतस्थळावरच्या प्रत्येक पानाला एकच मथळा आणि एकच लोगो येत असेल, तर कारण बहुधा हेच असतं. टॅग सर्व्हरवरून निघतानाच फाइलमध्ये असले पाहिजेत, याला पर्याय नाही.

फोटोबद्दल आणखी थोडं, कारण मराठी संकेतस्थळं सर्वांत जास्त तिथे घसरतात. मोठी वृत्तसंस्थळं प्रत्येक बातमीचं वेगळं चित्र हाताने करत बसत नाहीत. बातमीचा मथळा ठरलेल्या पार्श्वभूमीवर यंत्राकडूनच छापून घेतात आणि ते चित्र `og:image`ला देतात. इंग्रजीत हे सोपं आहे. अक्षरं एकापुढे एक मांडायची. देवनागरीत ‘विक्री’ हा शब्द साठवलेला असतो व, पहिली वेलांटी, क, हलन्त, र, दुसरी वेलांटी या क्रमाने. दिसताना मात्र वेलांटी व-च्या आधी येते आणि क व र मिळून एक जोडाक्षर होतं. हा फेरफार करणारी वेगळी प्रणाली असते. ब्राउझरमध्ये ती असतेच. चित्रावर अक्षरं उमटवणाऱ्या साध्या साधनांत ती नसते किंवा मुद्दाम जोडून घ्यावी लागते. पायथॉनच्या ‘पिलो’मध्ये, उदाहरणार्थ, त्यासाठी ‘राक्म’ नावाची जोड बसवावी लागते. ती नसेल तर वेलांटी व-च्या मागे जाऊन क-ला चिकटल्यासारखी दिसते, हलन्ताचा पाय मोकळा लोंबतो, आणि अख्ख्या ग्रुपपुढे मथळा असा मोडक्या मराठीत उभा राहतो. खात्रीचा मार्ग म्हणजे मथळा साध्या वेबपानावर मांडायचा, सर्व्हरवरच्या पडदा नसलेल्या क्रोममध्ये ते पान उघडायचं आणि त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा. वेळ थोडा जास्त लागतो, पण जोडाक्षरं शाबूत राहतात.

आणि चित्रातला मजकूर मध्यभागी ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅप कधी चित्र आडवं, पूर्ण रुंदीचं दाखवतं, तर कधी त्याचा लहानसा चौरस करून मथळ्याच्या बाजूला लावतं. आडव्या चित्राचा चौरस करायचा तर दोन्ही कडा छाटल्या जातात. डावीकडे आंबा आणि उजवीकडे फोन नंबर अशी मांडणी केली असेल, तर उरते फक्त मधली पेटीची फळी.

आता भावाची गोष्ट. पुतण्याने हंगामाच्या सुरुवातीला हौसेने वर्णनात पेटीचा दर घातला. लिंक पंधरा-वीस ग्रुपांवर गेली. तीन आठवड्यांनी आवक वाढली, दर उतरला. पानावर नवा दर टाकला, टॅगही बदलला. तरी फोन येत राहिले ते जुन्याच दराचे, आणि काही जण ‘एवढा महाग?’ म्हणून न विचारताच दुसरीकडे गेले. गेलेला चौकोन हा गेलेल्या संदेशाचा भाग असतो. पानावर काहीही बदललं तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना चौकोन बदलत नाही, आणि तो पुढे फॉरवर्ड होत राहिला तर तसाच होत राहतो.

फेसबुकची तऱ्हा वेगळी. तिथे टॅग फेसबुकचा सर्व्हर वाचतो आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवतो. मूळ पान बदललं तरी साधारण महिनाभर तो जुन्याच नोंदीवरून चौकोन दाखवत राहू शकतो. पण इथे नोंद खोडायची सोय आहे. फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये पानाचा पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबलं की तो नव्याने वाचतो, आणि वाचताना काय अडलं तेही सांगतो. टेलिग्रामवर `@WebpageBot` या खात्याला लिंक पाठवली की तेच काम होतं. पत्त्याच्या शेवटी `?v=2` जोडणं ही आणखी एक सर्रास चालणारी युक्ती. पान तेच उघडतं, पण पत्ता वेगळा दिसल्यामुळे अ‍ॅप त्याला नवं पान समजून पुन्हा वाचतं. फेसबुकवर मात्र ही युक्ती फसते. `og:url`मध्ये जो पत्ता लिहिला असेल तोच खरा, असं फेसबुक धरतं आणि त्याच्याच नोंदीकडे वळतं. साचा तसाच्या तसा वापरून सगळ्या पानांच्या `og:url`मध्ये मुखपृष्ठाचा पत्ता ठेवला असेल, तर फेसबुकवर प्रत्येक लिंकेला मुखपृष्ठाचाच चौकोन येतो. चूक एका ओळीची, आणि शोधायला अख्खा दिवस जातो.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. दर, शिल्लक पेट्या, कार्यक्रमाची बदलू शकणारी वेळ या गोष्टी टॅगमध्ये घालू नयेत. तिथे जे वर्षभर खरं राहील तेच लिहावं. ‘दरासाठी पान उघडा’ असं लिहिलं तर बिघडत नाही. उघडलेल्या पानावर दर ताजाच असतो. आणि लिंक ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्याच नंबरला पाठवून बघावी. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला संदेश पाठवण्याची सोय २०२२पासून आहे.

इथवर मालक प्रामाणिक आहे असं धरून चाललो. पण पानाविषयी काय सांगायचं हे सर्वस्वी पानाच्या मालकाच्या हाती असेल, तर तो खोटंही सांगू शकतो. दुकानावरची पाटी दुकानदारच रंगवतो, तसं हे. `og:title`मध्ये बँकेचं नाव, `og:image`मध्ये बँकेचं बोधचिन्ह आणि वर्णनात ‘केवायसी आज पूर्ण करा’ असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी ते तपासतही नाही. आणखी हुशार लोक आलेल्याची ओळख पाहून पान बदलतात. चौकोन बनवणारं अ‍ॅप आलं की त्याला साळसूद टॅग द्यायचे, माणूस आला की वेगळंच पान उघडायचं. फेसबुकवर तर एके काळी लिंक टाकणाऱ्या पेजला चौकोनातला मथळा आणि फोटो हवा तसा बदलता येत असे. खोट्या बातम्यांचा सुळसुळाट झाल्यावर जुलै २०१७पासून फेसबुकने ही मुभा काढून घेतली. त्यामुळे दुसऱ्याच्या पानाला भलता मथळा चिकटवणं बंद झालं. स्वतःच्या पानाला हवा तो मथळा देणं मात्र बंद होऊ शकत नाही, कारण टॅग त्यासाठीच आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तयार होतो. म्हणजे फेरफार केलेलं अ‍ॅप वापरणारा माणूस पानाशी काडीचाही संबंध नसलेला चौकोन लिंकेला लावून धाडू शकतो. तेव्हा लिंक खरी की खोटी हे ठरवताना चौकोन जमेत धरूच नये. पत्ता पाहावा, आणि तोही नीट. `https://`नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि शेवटाकडून वाचायचा. `aapli-bank.in.example.com/kyc` या पत्त्यात बँकेचं नाव सुरुवातीला दिसतं, पण हे पान `example.com` ज्याच्या मालकीचं आहे त्याचं आहे. पुढचं `aapli-bank.in` त्याने फुकटात जोडलेलं आहे.

पैशांशी संबंध असलेली लिंक, चौकोन कितीही देखणा असला, तरी चॅटमधून उघडू नका. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा किंवा बँकेचं अ‍ॅप उघडा. आणि घाईत उघडून पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार `cybercrime.gov.in` या संकेतस्थळावरही नोंदवता येते. हा पत्ताही कुणी लिंक म्हणून पाठवला तर त्यावर न टेकता हाताने टाइप केलेला बरा.